चार की चार हजार? परदेशी कोटेशनमधले आकडे

कलबुर्गीच्या कपनूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या डाळमिलला सॉर्टेक्स मशीनसाठी, म्हणजे रंगावरून दाणा निवडणाऱ्या यंत्रासाठी, हवेच्या झडपांचे चार सील-संच हवे आहेत असे समजू. पुरवठादार जर्मनीतला आहे. मिलच्या संगणकात नगांसाठी तीन दशांश स्थळे ठेवलेली असल्यामुळे मागणीपत्रावर `4.000 NOS` असे छापून जाते. इथल्या मुनिमाला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण दशांशानंतरची शून्ये वाचायची नसतात हे त्याला शाळेपासून माहीत आहे. जर्मन वाचकाला मात्र तोच आकडा 'चार हजार' असा दिसतो. त्याच्याकडे हजार वेगळे करायला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम वापरतात. तो आपल्या पद्धतीने उत्तर पाठवतो: नग `4.000`, दर `18,60`, एकूण `74.400,00`. आता मुनीम ताळा करतो. चार गुणिले अठरा पूर्णांक साठ म्हणजे चौऱ्याहत्तर पूर्णांक चाळीस, आणि समोर चौऱ्याहत्तर, टिंब, चारशे असेच लिहिलेले आहे. ताळा जुळला. खरी रक्कम आहे चौऱ्याहत्तर हजार चारशे युरो, आणि ती ओळखण्याची खूण शेवटच्या `,00` या तीन अक्षरांत तेवढी उरली आहे.

या उदाहरणात कोणीही निष्काळजीपणा केलेला नाही, आणि म्हणूनच ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंनी आपापल्या देशातल्या शुद्ध पद्धतीने लिहिले, गुणाकारही तपासला, आणि तरी चूक शिल्लक राहिली. एरवी आकड्यातली चूक कुठेतरी डोके वर काढते, बेरीज जुळत नाही, दर वेडावाकडा दिसतो. इथली चूक मुकी आहे. म्हणून परदेशी कोटेशन लिहिताना 'बरोबर पद्धत कोणती' हा वाद घालण्यापेक्षा मी वेगळी कसोटी लावतो. आकडा असा लिहावा की तो समोरच्याला एक तर नीट समजेल किंवा अजिबात समजणार नाही. भलताच समजेल, असे लिहिणे तेवढे टाळायचे. समजला नाही तर तो विचारतो. भलताच समजला तर तो माल पाठवतो.

दशांशचिन्ह टिंब की स्वल्पविराम, हा प्रश्न जगाने सोडवलेला नाही आणि सोडवण्याची शक्यताही दिसत नाही. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय महासभेने १९४८ साली आणि पुन्हा २००३ साली दोन्ही चिन्हांना मान्यता दिली. पण त्याच ठरावांत एक गोष्ट निःसंदिग्ध आहे: मोठ्या आकड्याचे तीन-तीन अंकांचे गट पाडायचे तर मध्ये मोकळी जागा सोडावी, टिंब किंवा स्वल्पविराम घालू नये. आपल्या मुद्द्याचे मर्म यातच आहे. दशांशाचे चिन्ह दोन देशांत वेगळे असणे ही फारशी अडचण नाही. एकाचे दशांशचिन्ह हेच दुसऱ्याचे हजारांचे चिन्ह असणे ही खरी अडचण आहे. हजारांसाठी चिन्हच वापरले नाही, तर आकड्यात जास्तीत जास्त एकच चिन्ह उरते, आणि त्यामागे नेमके तीन अंक नसतील तर ते कुठल्याही देशात दशांशाचेच ठरते. `74 400.00` हा आकडा जर्मन, जपानी किंवा मोझांबिकचा माणूस एकाच तऱ्हेने वाचतो. आपली लाखाची मांडणीही इथे बाजूला ठेवावी लागते. `12,50,000` मधले दोन-दोन अंकांचे गट परदेशी वाचकाला छपाईतली चूक वाटतात आणि '12.5 lakhs' तर त्याला कळतच नाही. देशातल्या व्यवहारात लाख-कोटी राहू द्यावेत, बाहेर जाणाऱ्या कागदावर `1 250 000` लिहावे.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो रास्त आहे. मध्ये जागा सोडलेला आकडा एक्सेलमध्ये चिकटवला तर एक्सेल त्याला आकडा मानत नाही, अक्षरे मानते, आणि बेरीज होत नाही. माझ्या मते हा या पद्धतीचा गुणच आहे. `1.250` हा युरोपीय साडेबाराशे आपल्या संगणकावर चिकटवा, एक्सेल काही न विचारता त्याचा सव्वा करून ठेवते. उलट `1,250` मिलिमीटर म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीचा पत्रा आपल्याकडे साडेबाराशे मिलिमीटरचा होतो. जर्मन संगणकावर आपला `1.5` टाइप केला तर एक मे ही तारीख होते. या तिन्ही वेळा यंत्र गप्प राहते, तर जागा सोडलेला आकडा निदान अडून बसतो. ज्यांना तक्ता थेट हिशेबासाठी पाठवायचा आहे त्यांनी तक्त्यात गट पाडूच नयेत, `74400.00` असे सलग लिहावे. मोकळी जागा छापील किंवा पीडीएफ प्रतीत ठेवावी. ती जागाही ओळीच्या शेवटी तुटणार नाही अशी असावी. वर्डमध्ये ती `Ctrl+Shift+Space` ने येते. साधी जागा वापरली तर `74` एका ओळीत आणि `400.00` पुढच्या ओळीत जाण्याचा धोका असतो.

या सगळ्याच्या आधी घरातली एक दुरुस्ती करायची आहे. नग, जोडी, संच यांसारख्या अपूर्णांक न होणाऱ्या मापांना दशांश स्थळे ठेवायचीच नाहीत. टॅलीत युनिट तयार करताना `Number of decimal places` असा रकाना असतो. `NOS` साठी तिथे शून्य ठेवले की `4.000` ऐवजी `4` छापले जाते आणि वरच्या गोष्टीचे मूळच उपटले जाते. किलोसारख्या मापांना तीन दशांश लागतातच, तिथे काय करायचे? टिंबानंतर नेमके तीन अंक हीच संशयाची जागा असते, कारण हजारांचा गटही तीन अंकांचाच असतो. दोन किंवा चार अंक असले तर संशयाला वाव उरत नाही. म्हणून `1.450 kg` पेक्षा `1.45 kg` किंवा `1450 g` लिहावे.

आलेले कोटेशन वाचतानाही हेच ज्ञान उलट बाजूने वापरता येते. आधी सबंध कागदावर असा एखादा आकडा शोधावा ज्यात टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही आहेत. त्यातले शेवटचे चिन्ह दशांशाचे. तसा आकडा नसेल तर ज्याच्यामागे एक किंवा दोनच अंक आहेत असे चिन्ह शोधावे, बहुधा कराच्या टक्क्यांत ते सापडते. `19,00 %` दिसले की कागद स्वल्पविरामाचा आहे हे ठरले. स्विस कोटेशनमध्ये हजारांसाठी `1'250.00` असा वरचा स्वल्पविरामही दिसतो, त्याने गोंधळून जाऊ नये. कागदाची पद्धत कळली की एक्सेलला ती सांगावी, त्याच्या अंदाजावर सोडू नये:

```
=NUMBERVALUE("74.400,00", ",", ".")
```

याचे उत्तर ७४४०० येते. पहिले चिन्ह दशांशाचे, दुसरे गटाचे. पण सूत्रावरही आंधळा भरवसा नको. गटाचे चिन्ह म्हणून जे सांगितले ते हे सूत्र सरसकट पुसून टाकते. त्यामुळे त्याच रकान्यात इथल्या कोणी हाताने, अक्षरे म्हणून, `18.60` लिहून ठेवले असेल तर त्याचे विनातक्रार १८६० होतात. एका रकान्यात दोन पद्धती आल्या की कुठलेही सूत्र वाचवू शकत नाही. आणि सबंध कागदावर `4.000` सारखे तीन अंकी शेपटाचेच आकडे असतील, तर तर्क लढवत बसू नये. तिथे विचारण्याला पर्याय नाही.

चलनाच्या बाबतीत या भागाला वेगळे शिकवण्याची गरज पडू नये. बिदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे निजामाच्या राज्यातले जिल्हे. इथे हाली सिक्का हा हैदराबादचा रुपया आणि कलदार हा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया शेजारी शेजारी चालत. दोघांचे नाव रुपयाच, पण साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. सोलापूरच्या पेठेशी व्यवहार असलेल्या माणसाला नुसते 'शंभर रुपये' लिहून भागत नसे, हाली की कलदार ते लिहावेच लागे. आज `$` या चिन्हाची तीच गत आहे: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळे तेच वापरतात. `¥` हे जपानी येनचेही आहे आणि चिनी युआनचेही, आणि एका युआनला कितीतरी येन पडतात. सॉर्टेक्स यंत्रे जपानमधूनही येतात आणि चीनमधूनही, तेव्हा हा गोंधळ डाळमिलच्या दारात येऊन उभा राहू शकतो. `Rs` पाकिस्तानात, श्रीलंकेत, नेपाळात, मॉरिशसमध्येही रुपयेच. आणि आपले `₹`? ते १५ जुलै २०१० ला स्वीकारले गेले. त्यानंतर लगेच आलेल्या काही फॉन्टमध्ये ते कीबोर्डवरच्या बॅकटिकच्या जागी बसवले होते. तशी जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रुपयाच्या जागी नुसता एक तिरका फराटा दिसतो.

यावरचा उपाय तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेतांचा: `INR`, `USD`, `EUR`, `JPY`, `CNY`. ते आकड्याच्या आधी लिहावेत आणि प्रत्येक रकमेला लावावेत. तक्त्याच्या डोक्यावर एकदा लिहून थांबू नये. कारण कोटेशनमधला आकडा त्या कागदावर राहत नाही. तो तुलनेच्या तक्त्यात जातो, बँकेच्या अर्जात जातो, व्हॉट्सअॅपवर मालकाला जातो. एक्सेलमध्ये चलनाचे चिन्ह बहुतेक वेळा आकड्याचा भाग नसतेच, ते त्या घराचे रूप असते, आणि फक्त मूल्य चिकटवले की चिन्ह मागे राहते. म्हणून तक्त्यात चलनसंकेताला स्वतंत्र रकाना द्यावा. येनच्या दराबाबत आणखी एक सावधगिरी. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा संदर्भदर आणि सीमाशुल्काचा दर दर शंभर येनला दिलेला असतो. तो एका येनचा समजून गुणाकार केला तर यंत्र शंभरपट महाग दिसते. ही चूक निदान ओरडते तरी.

आता मापे. तुरीच्या व्यवहारातले एक उदाहरण असे आहे की त्यात माप आणि चलन दोन्ही एकमेकांत अडकतात. कलबुर्गीच्या मिलांना स्थानिक तूर कमी पडते तेव्हा आफ्रिकेतली तूर येते. मोझांबिकशी तर भारताने २०१६ साली तुरीसाठी करारही केला. आपल्याकडून जाणाऱ्या पत्रात टनाला सर्रास `MT` लिहितात, मेट्रिक टन या अर्थाने. मोझांबिकचे चलन आहे मेटिकल, आणि त्याचे चिन्हही `MT` च. त्यात तो देश पोर्तुगीज वळणाचा, म्हणजे दशांशाला स्वल्पविराम. `650.000 MT` असे कोणी लिहिले तर ते साडेसहाशे टन, साडेसहा लाख टन की साडेसहा लाख मेटिकल, हे त्या आकड्यावरून सांगता येणार नाही. टनाचे आंतरराष्ट्रीय चिन्ह लहान लिपीतले `t` आहे. तेच वापरावे आणि पहिल्यांदा `1 t = 1000 kg` असे कंसात लिहावे, कारण नुसता 'टन' अमेरिकेत सुमारे ९०७ किलोचा आणि जुन्या इंग्रजी मापात १०१६ किलोचा आहे. आपला क्विंटल शंभर किलोचा, पण बाहेर त्या नावाखाली दुसरी वजनेही चालतात, म्हणून परदेशी पत्रात तो नकोच. कापसाच्या खंडीबद्दलही हेच म्हणावे लागेल.

चिन्ह बरोबर, आकडा बरोबर, तरीही माल अपुरा पडावा असाही एक प्रकार असतो. सॉर्टेक्समध्ये खराब दाणे हवेच्या फुंकरीने उडवले जातात, म्हणून कॉम्प्रेसर किती मोठा हवा हे कोटेशनमधल्या हवेच्या आकड्यावरून ठरते. समजा तिथे `100 Nm³/h` लिहिले आहे. इथला कॉम्प्रेसर विक्रेता सीएफएममध्ये बोलतो, आणि एक सीएफएम म्हणजे ताशी १.७ घनमीटर. भागाकार केला, ५९ आले, साठ सीएफएमचा कॉम्प्रेसर घेतला. मे महिन्यात हवा पुरत नाही, दाणे निवडले जात नाहीत, आणि दोष यंत्राला जातो. चूक त्या `N` कडे न पाहण्यात आहे. युरोपात त्याचा प्रचलित अर्थ असा की ही हवा शून्य अंश सेल्सियसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला मोजलेली आहे. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे हवेचा दाब सुमारे ०.९६ बार, आणि उन्हाळ्यात तापमान ४२ अंश. तेवढ्याच हवेला इथे जास्त जागा लागते: तापमानामुळे ३१५ भागिले २७३ पट, दाबामुळे १.०१३ भागिले ०.९६ पट, मिळून सुमारे १.२२ पट. म्हणजे कॉम्प्रेसरने तासाला १२२ घनमीटर, सुमारे ७२ सीएफएम, आत ओढले पाहिजेत. साठाचा घेणारा या गरजेला बारा सीएफएम कमी पडला. आणि तापमानाचा हा आधार सगळीकडे सारखा नसतो, कोणी १५ अंश धरतात तर कोणी २०. म्हणून हवेच्या आकड्याशेजारी `at 0 °C, 1.013 bar` असे आधारासकट लिहून मागावे. दाबाचेही असेच. कारागीर 'सहा किलो प्रेशर' म्हणतो ते सहा बारच्या अगदी जवळचे आहे, दोन टक्क्यांचा फरक सोडून देता येतो. पण तो दाब वातावरणाच्या वरचा की एकूण, हे लिहिले नसेल तर एका सबंध बारची तफावत पडू शकते.

काही अनुभवी मंडळी म्हणतात की एवढी काळजी अनाठायी आहे, कारण मोठी चूक संदर्भाने कळतेच. अठ्ठेचाळीस युरोला सॉर्टेक्स कोण देईल? सबंध यंत्राच्या किमतीबद्दल ते खरे आहे. पण सुटे भाग, बदलाचे संच, मिलिमीटरचे अंश, हवा आणि वीज यांचे आकडे असे असतात की दोन्ही वाचने शक्य कोटीतली वाटतात, आणि पत्रव्यवहार जास्त तर त्यांचाच होतो. दुसरे म्हणणे असे की कागद इंग्रजीत ठेवला की प्रश्न मिटतो. मिटत नाही. दक्षिण आफ्रिकेचा कारभार इंग्रजीत चालतो आणि तिथले अधिकृत दशांशचिन्ह स्वल्पविराम आहे. जर्मन कंपनीचे इंग्रजी कोटेशनही त्यांच्या जर्मन संगणकातूनच छापून येते. भाषा बदलली तरी आकड्यांची सवय मागे राहते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: समोरचा मोठा पुरवठादार आहे, त्याचा छापील नमुना आपण बदलू शकत नाही. खरे आहे, आणि तशी अपेक्षाही नको. आपल्या हातात आपला कागद आहे. त्याच्या डोक्यावर दोन ओळी कायमच्या बसवाव्यात:

```
Decimal sign: point. Thousands: space. Example: 1 250.75
Currency: EUR. Mass: kg, t (1 t = 1000 kg). Pressure: bar (gauge)
```

आणि त्याचे कोटेशन आले की मागणी नक्की करताना त्याचेच आकडे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून पाठवावेत, नग आणि एकूण रक्कम अक्षरांत लिहून. जुन्या हुंड्यांत हीच युक्ती होती. रक्कम अंकात, मग अक्षरात, मग 'नीमे' म्हणून तिची निम्मी रक्कम आणि त्या निम्म्याची दुप्पट, म्हणजे एक आकडा खोडला किंवा चुकीचा वाचला तरी दुसरा त्याला पकडे. चेकवर आपण आजही 'अक्षरी' लिहितो. परदेशी मागणीपत्रात निम्म्याची गरज नाही, अक्षरे पुरतात. भालकी किंवा आळंदच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपलाही हे विनाखर्च जमणारे आहे, आणि वरच्या सील-संचांबाबत पैसे भरण्याआधी जायला हवे होते ते पत्र एवढेच असते:

```
Please confirm: quantity 4 (four) sets, not four thousand.
Unit price EUR 18.60. Total EUR 74.40
(seventy-four euro and forty cents).
```